१५ ऑगस्टला कामावर बोलावलं, आता सी-ऑफ मागितला तर ‘असं काही ठरलं नव्हतं’ म्हणतात

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी वितरण कंपनीच्या गोडाउनमध्ये डिस्पॅच क्लार्क आहे. साप्ताहिक सुट्टी रविवार. शुक्रवारी, १५ ऑगस्टला सकाळी साडेआठला साहेबांचा फोन आला, गाड्या लावायच्यात, ये. नऊ-सव्वानऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत काम केलं. फोनवर ‘सी-ऑफ घे नंतर’, म्हणजे सुट्टीच्या कामाबद्दल बदली सुट्टी घे, असं म्हणाले होते. बुधवारी २७ला गणपती, म्हणून गावी जायला मंगळवारी २६ला सी-ऑफ मागितला, तर म्हणतात, ‘असं काही ठरलं नव्हतं, जायचं तर रजा टाक.’ एचआरवाल्या मॅडम म्हणतात, ३० दिवसांत घेतला नाही तर सी-ऑफ जातो. लेखी काहीच नाही. भांडण न करता कसा मागू?

उत्तर :

तुम्ही साहेबांकडे एका दमात दोन गोष्टी मागितल्यात, आणि गाडं तिथेच अडलंय. १५ ऑगस्टला मी काम केलं, त्याचा एक दिवस माझ्या नावावर जमा आहे, ही पहिली. तो दिवस मला २६लाच हवा, ही दुसरी. साहेबांना खरी अडचण दुसरीची आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी डिस्पॅचचा माणूस सोडायचा म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येणार. पण ‘२६ला जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘असं काही ठरलंच नव्हतं’ म्हणणं त्यांना सोपं गेलं, आणि तारखेच्या वादात तुमचा दिवसच बुडायला लागला.

मी बावीस वर्षं टाइम ऑफिस आणि एचआरमध्ये काढली आहेत. सी-ऑफचे जे वाद माझ्या टेबलावर आले, त्यांतले बहुतेक असेच होते. म्हणून आधी दिवस जमा करून घ्या आणि तारखेचं नंतर बोला. दोन्ही एकाच मेलमध्ये लिहिता येतं, फक्त दोन वेगळी वाक्यं हवीत.

१५ ऑगस्टचा दिवस तुमच्या बाजूने किती भक्कम आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे मागताना आवाज चाचरणार नाही. सरकारी सुट्ट्यांच्या यादीतली प्रत्येक सुट्टी खासगी नोकरीत हक्काची नसते. ती यादी सरकारी कचेऱ्यांसाठी असते, बँकांची वेगळी असते. ठरावीक संख्येइतके कामगार असलेली दुकानं, ऑफिसं, गोडाउनं यांना महाराष्ट्रात २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागतो. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार कायद्यानेच ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. तुम्हाला एखाद्या जयंतीला बोलावलं असतं, तर आधी नोटीस बोर्डावर आपल्या कंपनीची सुट्ट्यांची यादी बघा म्हटलं असतं. १५ ऑगस्टला तो प्रश्नच येत नाही.

आता पैशाच्या भाषेत बघू. समजा तुमचा पगार १८,२०० आहे आणि कंपनी २६ दिवसांनी भागते. एका दिवसाचे ७०० झाले. १५ ऑगस्टला तुम्ही घरी झेंडावंदन बघत बसला असतात, तरी हे ७०० तुम्हाला मिळणारच होते, कारण सुट्टी पगारी आहे. म्हणजे महिन्याच्या पगारात त्या दिवशीच्या आठ तासांच्या कामाचं काहीच आलेलं नाही. कंपनी त्याचं देणं लागते. ते जादा पैशात द्यायचं, बदली सुट्टीत द्यायचं की दोन्ही, हे तुमच्या नेमणूकपत्रात किंवा रजेच्या धोरणात बघा. स्थायी आदेश, म्हणजे कंपनीचे मंजूर सेवानियम, लागू असतील तर तेही बघा. मेल लिहिण्याआधी हे कागद वाचाच. काही ठिकाणी सुट्टीच्या कामाचे पैसे आपोआप पगारात पडतात आणि वर सी-ऑफ मिळत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर मागणी सी-ऑफची न करता त्या पैशांची करायची. सी-ऑफच मिळत असावा असं वाटतं, कारण मॅडमनी ३० दिवसांची मुदत सांगितली. ज्याला मुदत आहे ते मुळात आहेच. मॅडमचं हे वाक्य तुमच्या खूप कामाचं आहे.

लेखी काही नाही म्हणता, ते मला पटत नाही. डिस्पॅचच्या माणसाचा दिवस तर सगळ्यात जास्त कागदांवर उमटलेला असतो. सकाळचा येणारा फोन तुमच्या कॉल लॉगमध्ये वेळेसकट आहे. गेटवर सिक्युरिटीच्या वहीत तुमचं इन-आउट आहे. पंचिंग केलं असेल तर मशीनमध्ये वेळ आहे. चलनांवर तुमची सही आहे. आणि सर्वांत पक्का पुरावा म्हणजे ई-वे बिलं. त्या दिवशी गाड्यांची ई-वे बिलं तुम्ही बनवली असतील तर प्रत्येकावर तारीख आणि वेळ छापून आलेली असते, ती कुणाला मागाहून बदलता येत नाही. यातल्या कशाचेही फोटो काढून घरी नेऊ नका. गिऱ्हाइकांची कागदपत्रं बाहेर नेली असा उलटा ठपका यायचा. मेलमध्ये पहिल्या आणि शेवटच्या गाडीचा चलन नंबर आणि वेळ लिहिली की पुरे. कागद कंपनीकडेच आहेत, बघायचे असतील तर ते बघतील.

पंचिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे गफलत होते आणि माणसाला ती महिनाअखेरीला कळते. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्या भरून ठेवलेल्या असतात. १५ ऑगस्टच्या चौकटीत आधीच `H` किंवा `PH` असं लिहिलेलं असतं. तुम्ही आत येताना-जाताना पंच केलंत तर मशीन वेळ नोंदवतं, पण बऱ्याच ठिकाणी चौकटीतलं अक्षर बदलत नाही. ‘सुट्टीच्या दिवशी काम’ ही नोंद व्हायला विभागप्रमुखाची मंजुरी लागते. ती आली नाही तर पंच पडून राहतो आणि सी-ऑफच्या खात्यात शून्य दिसतं. मॅडम खोटं बोलत नसतात, त्यांच्या स्क्रीनवर खरंच काही नसतं. तेव्हा आजच तुमची ऑगस्टची हजेरी उघडून बघा किंवा टाइम ऑफिसला विचारा, १५ तारखेला काय दिसतंय, आणि दुरुस्तीची शेवटची तारीख कोणती. पगाराची हजेरी पुष्कळ कंपन्यांत २०, नाहीतर २५ तारखेला बंद होते. ती बंद झाल्यावर मागच्या तारखेची नोंद घालायला वरच्या सह्या लागतात आणि प्रकरण उगाच मोठं होतं.

मेल साहेबांना करा आणि प्रत फक्त एचआरला ठेवा. साहेबांच्या साहेबांना पहिल्याच मेलमध्ये घेतलंत तर साहेबांना ती तक्रार वाटेल आणि ते बचावाला उभे राहतील. कायद्याचं नावही पहिल्या मेलमध्ये नको. मी असतो तर असं लिहिलं असतं :

> विषय : १५ ऑगस्ट रोजी केलेल्या कामाची नोंद व बदली सुट्टी
>
> आदरणीय सर,
>
> शुक्रवार, १५ ऑगस्ट रोजी सकाळी ८.३० च्या सुमारास आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे मी गोडाउनला आलो आणि सकाळी ९.१५ ते सायंकाळी ५.३० डिस्पॅचचे काम केले. पहिली गाडी चलन क्र. ____ (वेळ ____), शेवटची गाडी चलन क्र. ____ (वेळ ____). गेट रजिस्टरला माझी नोंद आहे. कृपया या दिवसाच्या कामाला मंजुरी देऊन एक बदली सुट्टी माझ्या खात्यावर जमा करावी.
>
> ही सुट्टी मला मंगळवार, २६ ऑगस्ट रोजी मिळाल्यास सोयीचे होईल. २५ तारखेला निघण्यापूर्वी २६ च्या गाड्यांची यादी आणि कागद तयार करून माझ्या सहकाऱ्याकडे सोपवीन. कामामुळे २६ ला शक्य नसल्यास सोमवार, ८ सप्टेंबर रोजी द्यावी. एचआरने सांगितलेल्या ३० दिवसांच्या मुदतीत ही तारीख बसते.
>
> आपला,
> (नाव, कर्मचारी क्रमांक)

यातले काही शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. ‘आपण सी-ऑफ देतो म्हणाला होतात’ हे मी लिहिलेलं नाही. ते खरं असलं तरी त्यावर ‘मी म्हणालो नव्हतो’ एवढंच उत्तर येणार आणि वाद कोण खरं बोलतंय यावर जाणार. ‘आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे मी आलो’ हे मात्र ते नाकारू शकत नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी न बोलावता कुणी गाड्या भरायला येत नाही. सी-ऑफ हा काम केल्यामुळे येतो, वचनामुळे नव्हे. म्हणून मेलचा सगळा भार कामावर ठेवलाय.

दुसरी तारीख ८ सप्टेंबर का, तेही बघा. १५ ऑगस्टपासून ३० दिवस १४ सप्टेंबरला भरतात, आणि तो रविवार आहे. म्हणजे तुमचा हाताशी असलेला शेवटचा कामाचा दिवस शनिवार, १३ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी शनिवारी ६ला आहे. त्यानंतरच्या सोमवारी गणपतीची गर्दी ओसरलेली असेल, मुदतही शिल्लक असेल आणि ७चा रविवार जोडून दोन दिवस मिळतील. अशी तारीख पुढे ठेवली की साहेबांना नाही म्हणायला कारण उरत नाही, आणि त्यांनी ८ तारीख मान्य केली की १५ ऑगस्टचा दिवस जमा असल्याचंही त्यांनी आपोआप मान्य केलं. मला या मेलमधून मुख्यतः तेवढंच हवंय.

ऑफिसचा मेल आयडी नसेल तर हाच मजकूर कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर मिळाल्याची सही-तारीख घ्या. सही द्यायला कुणी टाळाटाळ केली तर कागद देऊन झाल्यावर व्हॉट्सअॅपवर ‘सर, १५ तारखेच्या कामाबद्दलचा अर्ज आत्ता आपल्या टेबलावर ठेवला आहे’ एवढा मेसेज टाका.

आता २६ तारखेचं. सी-ऑफवर तुमचा हक्क असला तरी तो अमुकच दिवशी मिळावा असा हक्क नसतो. कामाची गर्दी बघून तारीख बदलायला साहेबांना वाव असतो, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी डिस्पॅचमध्ये गर्दी असते हे तुम्हालाही माहीत आहे. गाडीचं रिझर्वेशन झालं असेल, घरचा गणपती असेल, जायलाच हवं असेल, तर २६साठी किरकोळ रजेचा अर्ज वेगळा टाका. तुम्हाला वर्षाला आठ किरकोळ रजा कायद्यानेच आहेत आणि त्या तिमाहीला जमा होत जातात. अर्जात एक ओळ घाला : ‘१५ ऑगस्टच्या कामाची बदली सुट्टी मंजूर झाल्यास ही रजा तिच्यात वर्ग करावी.’ मग साहेबांनी पुढे सी-ऑफ मंजूर केला तर तुमची किरकोळ रजा परत मिळेल, नाही केला तरी गावाला जाणं अडणार नाही. मंजुरी न घेता ‘माझा सी-ऑफ आहेच’ म्हणून निघून जाऊ नका. तो दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून लागेल आणि मग चूक तुमची ठरेल.

३० दिवसांच्या मुदतीवर माझं स्पष्ट मत आहे. ‘३० दिवसांत घ्या’ हा नियम कामगाराने सी-ऑफ साठवून ठेवू नयेत म्हणून असतो, आणि त्यात काही गैर नाही. पण कामगाराने मुदतीत मागितला, कंपनीने गर्दीचं कारण देऊन नाकारला आणि मग मुदत संपली म्हणून बाद केला, तर ते अन्यायाचं आहे आणि बहुतेक एचआरवाले खासगीत हे मान्य करतात. म्हणून ८ सप्टेंबरही नाकारला तर त्याच मेलवर उत्तर द्या : ‘मी मुदतीत दोन तारखा मागितल्या होत्या. कामामुळे त्या मिळाल्या नाहीत. कृपया मुदत वाढवून आपल्या सोयीची तारीख कळवावी.’ हे उत्तर १३ सप्टेंबरच्या आत गेलं पाहिजे.

इथे साप्ताहिक सुट्टीचा नियम वेगळा आहे, आणि तो लक्षात ठेवा, कारण उद्या तुम्हाला रविवारीही बोलावतील. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर तिची बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत दिलीच पाहिजे असं २०१७च्या अधिनियमात लिहिलेलं आहे. कारखाना असेल तर नोव्हेंबर २०२५पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ लागत होता. त्यात ती सुट्टी त्याच महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत द्यायची होती. साप्ताहिक सुट्टीच्या बाबतीत कंपनीचा ३० दिवसांचा नियम दाखवून कुणी बदली सुट्टी बाद करू लागला तर ते चालणार नाही. कंपनी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही. म्हणून अर्जात नेहमी लिहायचं की काम सणाच्या सुट्टीला केलं की साप्ताहिक सुट्टीला. नुसतं ‘सुट्टीच्या दिवशी’ लिहिलं की पुढे कोणता नियम लावायचा यावरच घोळ होतो.

हे सगळं कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या माणसांना या तरतुदी लागत नाहीत, त्यांना कंपनीचं धोरण काय सांगतं तेवढंच. तुमच्या पदाला उद्या ‘एक्झिक्युटिव्ह’ नाव दिलं तरी घाबरू नका. प्रत्यक्षात काम कसलं करता ते बघितलं जातं, आणि चलन, ई-वे बिल, गाड्या लावणं हे पर्यवेक्षण नव्हे. तुम्ही ठेकेदारामार्फत असाल तर मात्र अर्ज ठेकेदाराला करायचा आणि प्रत गोडाउनच्या साहेबांना, कारण तुमची हजेरी आणि पगार ठेकेदाराच्या वहीत असतात.

मी नोकरीला लागलो त्या दुसऱ्याच वर्षी २६ जानेवारीला स्टॉक मोजायला आम्हा अकरा जणांना बोलावलं होतं. सुपरवायझर भला माणूस होता. त्याने आपल्या खिशातल्या डायरीत अकरा नावं लिहून घेतली आणि ‘एकेकाने घ्या’ म्हणाला. तिघांनी घेतले. मार्चमध्ये त्याची बदली झाली, डायरी त्याच्याबरोबर गेली, नवा साहेब म्हणाला मला काही माहीत नाही. आठ जणांचा दिवस गेला, त्यातला एक मी. कुणीच लबाडी केली नव्हती, फक्त टाइम ऑफिसच्या मस्टरवर त्या दिवसापुढे सुट्टीच दिसत होती. पुढे मी टाइम ऑफिसात आल्यावर पहिलं काम केलं ते सुट्टीच्या कामासाठी वेगळी वही घालायचं, आणि ज्या दिवशी काम त्याच दिवशी संध्याकाळी त्यात साहेबाची सही घ्यायचं.

तुमच्याकडे अशी वही नसेल तर पुढच्या वेळी तुम्हीच व्हॉट्सअॅपवर ती करा. फोन ठेवल्याबरोबर एक मेसेज टाका : ‘सर, सांगितल्याप्रमाणे आज सुट्टीच्या दिवशी कामावर येतोय, ९.१५ पर्यंत पोचतो.’ संध्याकाळी निघताना दुसरा : ‘सर, शेवटची गाडी ५.१० ला गेली, निघतो. आजच्या दिवसाची बदली सुट्टी सिस्टिमला टाकतो.’ यावर साहेबाने नुसता अंगठा दाखवला तरी काम झालं. गरज त्यांची असते त्या दिवशी हे दोन शब्द सहज निघतात. पाच दिवसांनी तेच शब्द काढायला मेल लिहावा लागतो, हे तुम्ही आत्ता अनुभवताच आहात. फोनवरून दोन तास मदत केली, घरून काम केलं, अर्धाच दिवस गेलात, तरी हीच पद्धत ठेवा. कुठे चार तासांना अर्धा सी-ऑफ देतात, कुठे देत नाहीत, पण तास लिहिलेले नसतील तर तो प्रश्नही विचारता येत नाही.

आणि मेलला उत्तरच आलं नाही तर? तीन-चार कामाचे दिवस थांबा, मग एचआरच्या मॅडमना प्रत्यक्ष भेटा. ‘साहेब देत नाहीत’ असं म्हणू नका. ‘१५ तारखेच्या कामाची नोंद सिस्टिममध्ये कशी करायची?’ असं विचारा. पहिल्यात तुम्ही त्यांना साहेबांविरुद्ध उभं करता. दुसऱ्यात त्यांचंच काम त्यांना विचारता, आणि सुट्टीच्या दिवशी काम होऊन रजिस्टरला न चढणं हा त्यांच्या डोक्याला ताप असतो, कारण तपासणीत गेट रजिस्टर आणि हजेरी जुळली नाही तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. तिथेही काही झालं नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयाचा रस्ता आहे. मी एका माणसाच्या एका दिवसासाठी तो धरायला सांगणार नाही. पण १५ ऑगस्टला तुमच्यासारखे आणखी दहा-बारा जण आले असतील आणि कुणाचीच नोंद नसेल, तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज आधी कंपनीला द्या, आणि त्याची पोच घेऊन मग तिथे जा.

गावाहून परतल्यावर ऑगस्टची पगाराची स्लिप हातात आली की दोन ठिकाणी बघा. रजेच्या रकान्यात सी-ऑफ एक जमा दिसतोय का, आणि २६ तारीख कशाखाली गेली आहे. सी-ऑफ जमा दिसतो पण २६ किरकोळ रजेत गेली असेल, तर ८ सप्टेंबरची सुट्टी तुमची आहे, ती घेऊन टाका. नोकरी बदलायचा विचार डोक्यात असेल तर राजीनामा देण्याआधीच घ्या. साठलेल्या हक्काच्या रजेचे पैसे जाताना मिळतात, सी-ऑफचे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, आणि नोटीस पीरियडमध्ये तो मंजूर करायला सहसा कुणी तयार नसतं.